कागदाला माणसाचा आवाज



आज मी तुमच्याशी एका कागदाविषयी बोलणार आहे. कागद अगदी लहान, सहा वाक्यांचा. पारशिवनी तालुक्यातल्या एका गावी शाळेचे गुरुजी सेवानिवृत्त होणार होते. निरोपाच्या कार्यक्रमात गावातर्फे चार शब्द बोलायचं काम एका वयस्क शेतकऱ्याकडे आलं. आपण त्यांना काका म्हणू. काकांना लिहायची सवय नाही. त्यांच्या पुतण्यानं मोबाईल काढला, लिहून देणाऱ्या यंत्राला एका ओळीत विषय सांगितला आणि क्षणात परिच्छेद तयार झाला. पोरानं तो सुबक अक्षरात कागदावर उतरवून दिला. काकांनी तो दोनदा वाचला आणि घेऊन माझ्याकडे आले. छपरीत बसले, कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, हे चांगलं हाय. पण हे माहं नाही जी."

तो कागद असा होता :

"आदरणीय गुरुजींचे आमच्या गावाच्या जडणघडणीत अनमोल योगदान आहे. शिक्षण हे केवळ ज्ञानार्जनाचे साधन नसून जीवन घडविण्याचे प्रभावी माध्यम आहे, हे त्यांनी आपल्या कृतीतून सिद्ध केले. त्यांनी विद्यार्थ्यांमध्ये शिस्त, संस्कार आणि आत्मविश्वास यांची रुजवण केली. पावसाळ्यातील प्रतिकूल परिस्थितीतही त्यांनी शाळेत कधीही खंड पडू दिला नाही. निवृत्ती हा शेवट नसून एका नव्या प्रवासाची सुरुवात आहे. त्यांच्या कार्याचा सुगंध आमच्या मनात सदैव दरवळत राहील."

आता यात चूक काय? व्याकरण शुद्ध आहे. कुणाचा अपमान नाही. तरीही काका म्हणतात ते खरं आहे. हा कागद त्यांचा नाही; खरं म्हणजे तो कुणाचाच नाही. याचं कारण त्या यंत्राच्या घडणीत आहे. आजवर लिहिलं गेलेलं अफाट लिखाण त्याला शिकवलेलं असतं, आणि एका शब्दामागून दुसरा कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, या हिशेबानं ते लिहीत जातं. मराठीतलं छापील लिखाण म्हणजे बरंचसं वर्तमानपत्र, अहवाल, सत्काराची भाषणं. तेव्हा "गुरुजी" आणि "निवृत्ती" हे दोन शब्द दिले की "अनमोल योगदान" आपोआप मागून येतं. पारशिवनीच्या बांधीत उभा असलेला माणूस कसा बोलतो, हे त्या छापील ढिगात फार थोडं आहे. आणि काकांनी काय पाहिलं, हे तर त्यात मुळीच नाही.

म्हणून हा कागद काकांचा करायचा, तर काम हातानंच करावं लागतं. आम्ही ते तीन संध्याकाळींत केलं. काय काय केलं, कुठं चुकलं, ते क्रमानं सांगतो.

पहिलं काम कागद बाजूला ठेवण्याचं. हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. पण लाल पेन घेऊन लगेच कागदावर बसलं, तर आपण "अनमोल" खोडून "मोलाचं" लिहितो, "योगदान" खोडून "काम" लिहितो, आणि शेवटी तोच कागद सोप्या शब्दांत उरतो. शब्द बदलले, माणूस आलाच नाही. आधी माणसाचा आवाज समोर हवा, मग कागद.

मी काकांना विचारलं, "गुरुजी कसे होते?" उत्तर आलं, "लय चांगले होते." संपलं. हा प्रश्नच चुकीचा. "कसे" विचारलं की माणूस विशेषण देतो, आणि विशेषणं सगळ्यांची सारखीच असतात. मग मी विचारलं, "काका, तुम्ही त्यांना पहिल्यांदा कुठं पाहिलं? तेव्हा तुमच्या हातात काय काम होतं?" आता काका हलले. म्हणाले, "रोवणी चालू होती. नाल्याले पाणी होतं. सायकल त्याइनं पलीकडं झाडाले टेकवली अन् चपला हातात घेऊन आले." हेच ते. प्रश्न जागेचा, वेळेचा आणि वस्तूचा विचारावा. तेच त्या माणसाच्या डोळ्यांतून बाहेर येतं.

काकांच्या परवानगीनं मी मोबाईलवर दहा-बारा मिनिटांचं बोलणं मुद्रित केलं आणि रात्री ऐकत ऐकत वहीत उतरवून घेतलं. सुधारून नाही, जसं बोलले तसं. अर्धी राहिलेली वाक्यंसुद्धा. इथं उतरवताना आपला हात फार लबाडी करतो. काका म्हणतात "त्याइनं काही म्हटलं नाही," आणि आपण लिहितो "त्यांनी मौन पाळले." एवढ्यानंच आवाज निसटतो.

आपल्या विदर्भात ही काळजी किती जुनी आहे, याची एक आठवण देतो. रामटेकच्या यात्रेला म्हणून घर सोडून निघालेले चक्रधरस्वामी गेल्यानंतर, तेराव्या शतकाच्या अखेरीस, अमरावतीकडच्या रिद्धपूर इथं म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा केल्या. स्वामींच्या सहवासात जे जे होते, त्यांना भेटून, विचारून, नागदेवाचार्यांच्या मदतीनं पारखून त्यांनी "लीळाचरित्र" लिहिलं. म्हाइंभट मोठे विद्वान होते. संस्कृतात सुंदर लिहू शकले असते. पण त्यांनी आठवणी बोलण्यातल्या मराठीतच ठेवल्या. आणि पुढं वेगवेगळ्या माणसांच्या सांगण्यात फरक दिसला, तिथं परंपरेनं दोन्ही पाठ नोंदवून ठेवले. आपल्या मनानं जुळवून एक गोड पाठ केला नाही. ऐकलेलं आणि आपण रचलेलं, यातली सीमा त्यांनी सांभाळली. आपल्या वहीतही तीच सीमा सांभाळायची आहे.

दुसरं काम गाळण्याचं. आता कागद पुढं घेतला. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारला : गावाचं आणि गुरुजींचं नाव बदललं, तर हे वाक्य दुसऱ्या गावच्या दुसऱ्या गुरुजींना चालेल का? चालत असेल तर त्याखाली लाल रेघ. पहिलं वाक्य, रेघ. दुसरं, रेघ. "शिस्त, संस्कार आणि आत्मविश्वास", रेघ. पाचवं आणि सहावं, रेघ. सहांपैकी पाच वाक्यं गेली.

जाता जाता या पाच वाक्यांच्या खुणा लक्षात ठेवा. पुन्हा भेटतील तेव्हा ओळखू येतील. "हे केवळ अमुक नसून तमुक आहे" अशी मोडणी या सहा वाक्यांत दोन वेळा आली. बोलताना आपण असं क्वचितच बोलतो. दुसरी खूण तीन-तीन शब्दांची माळ. गरज एका गुणाची असते, पण ताल भरायला तीन येतात. तिसरी खूण शेवटचा सुगंध, प्रकाश किंवा प्रवास. सांगण्यासारखं संपलं, की यंत्र तिकडे वळतं. हे सगळे दोष माणसांच्या भाषणांतूनच त्यात उतरले आहेत, हेही कबूल करायला हवं. आम्ही शिक्षकांनीच असली भाषणं वर्षानुवर्षं केली.

उरलं चौथं वाक्य : "पावसाळ्यातील प्रतिकूल परिस्थितीतही त्यांनी शाळेत कधीही खंड पडू दिला नाही." यात निदान पाऊस आहे, शाळा आहे. मी काकांना वाचून दाखवलं. ते हसले. म्हणाले, "कसं जी? पूर राहिला का शाळा बंदच राहे. नाला कोण ओलांडीन?" म्हणजे हे वाक्य चक्क खोटं निघालं. यंत्राला नाला माहीत नव्हता, पूर माहीत नव्हता. निरोपाच्या भाषणात असं वाक्य शोभतं, म्हणून ते आलं. कार्यक्रमात हेच वाक्य वाचलं गेलं असतं, तर मागं बसलेली पोरं हसली असती, आणि ज्यांचा गौरव करायचा त्या गुरुजींनाच मान खाली घालावी लागली असती. म्हणून गाळताना प्रत्येक माहितीच्या वाक्यावर त्या माणसाला विचारावंच : हे असं घडलं होतं का?

मी विचारलं, "मग खरं काय होतं?" काका म्हणाले, "पूर उतरला का दुसऱ्या दिवशी सगळ्याइच्या आधी शाळेचं कुलूप उघडलेलं दिसे." बघा, खरी गोष्ट खोट्यापेक्षा लहान आहे. पण ती डोळ्यांसमोर उभी राहते. उघडलेलं कुलूप दिसतं. "खंड पडू दिला नाही" हे दिसत नाही.

तिसरं काम त्या माणसाच्या बोलण्याच्या खुणा टिपण्याचं. वहीतलं बोलणं मी दोनदा वाचलं आणि एका कोऱ्या पानावर चारच गोष्टी लिहिल्या. एक, काकांची वाक्यं पाच-सात शब्दांची असतात. दोन-तीन लहान वाक्यं, मग एखादं लांब. दोन, वेळ ते सनानं सांगत नाहीत, पिकानं सांगतात. "रोवणीच्या वक्ती", "धान कापताना". तीन, गोष्ट पुढं सरकवायची असली की "मंग" येतो. चार, आणि ही सगळ्यांत महत्त्वाची : काका कुणाची स्तुती शब्दांनी करीतच नाहीत. तो माणूस काय बोलला नाही, हे सांगतात. "काही बोलले नाही" हे त्यांच्या तोंडी दहा मिनिटांत चार वेळा आलं. काकांच्या भाषेत हा मोठा मान आहे. तेव्हा त्यांच्या भाषणात "थोर" किंवा "आदरणीय" हा शब्द येऊच शकत नाही. माणूस कोणते शब्द वापरतो याइतकंच, कोणते कधीच वापरत नाही हे आवाज ओळखायला उपयोगी पडतं.

चौथं काम नामांची क्रियापदं करण्याचं. कागदातलं "आत्मविश्वासाची रुजवण केली" हे अगदीच फेकून द्यावं का? त्याच्या पोटात काही असेल तर? ते काढायचा उपाय साधा आहे. विचारा : कोणी, कोणाला, कुठं, काय केलं? काकांना मी विचारलं, "तुमच्या घरच्या कुण्या पोराच्या बाबतीत गुरुजींनी काही केलं का?"

काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ते सांगू का नको, मले समजून नाही राहिलं." आणि सांगितलं. थोरली मुलगी सातवीत असताना, मजूर मिळेनात म्हणून, त्यांनी तिला शाळेतून काढून रोवणीला लावलं. गुरुजी बांधीवर आले. स्वतः चिखलात उतरले, तिच्या हातातली पऱ्ह्याची जुडी घेतली, म्हणाले, तिच्या वाट्याचं मी रोवतो. काकांना ते लोकांपुढं अपमान केल्यासारखं वाटलं. ते गुरुजींना वाटेल तसं बोलले. गुरुजी दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. शेवटी मुलगी शाळेत गेली. आज ती नर्स आहे. आणि त्या दिवशी जे बोललो ते चुकलं, हे काकांना गुरुजींना आजवर सांगता आलं नव्हतं.

श्रोतेहो, तो कागद काकांना परका का वाटला, ते मला तेव्हा कळलं. त्यांच्या मनात एक क्षमा मागायची होती, आणि त्या सहा गुळगुळीत वाक्यांत तिला टेकायला जागा नव्हती. सुबक कागद हातात आला, की मनातलं अवघड वाक्य मनातच राहतं, आणि माणूस आपण बोललो असं समजून घरी जातो. त्या कागदापासूनचा खरा तोटा हा आहे.

इथं एक सावधगिरी. ही गोष्ट मुलीचीही आहे. म्हणून काकांनी आधी तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, सांगा बाबा. मगच आम्ही ती भाषणात घेतली. दुसऱ्याचं आयुष्य आपल्या भाषणाला रंग यावा म्हणून परस्पर वापरू नये.

पाचवं काम क्रम लावण्याचं. यंत्राचा परिच्छेद नेहमी वरून खाली येतो. आधी मोठा विचार, मग उदाहरण, मग पुन्हा मोठा विचार. माणूस सहसा जागेपासून सुरू करतो : नाल्यापासून, धुऱ्यापासून. म्हणून आम्ही काका ज्या क्रमानं बोलले तोच क्रम ठेवला. नाला, कुलूप, बांधी, राग आणि शेवटी चूक. शेवटी शुभेच्छा घातल्या नाहीत. काका जिथं थांबले, तिथंच भाषण थांबवलं.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. दुसऱ्या संध्याकाळी मी पहिला मसुदा केला आणि काकांचा आवाज यावा या हौसेपायी त्यात त्यांची बोली ठासून भरली. दर वाक्यात "मंग". प्रत्येक "ण"चा "न". "पानी", "मानूस", "कोनी", "बाप्पा". काका वाचायला लागले आणि दर ओळीत अडखळले. त्यांची बायको आत चुलीपाशी होती, ती तिथूनच म्हणाली, "हे तं नाटकातल्यावानी वाटून राहिलं." तिनं बरोबर पकडलं. बोलीची फोडणी जास्त झाली की माणूस जाऊन त्याची नक्कल उरते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की लिहिणारा त्या माणसाला हसतो आहे.

मग आम्ही एक नियम केला. जिथं शब्दाची मोडणीच वेगळी आहे, तिथं बोली ठेवायची. "मले", "तिले", "माहं", "लोकाइत", "सांगून राहिलो". शेतीचे शब्दही जसेच्या तसे ठेवायचे : बांधी, धुरा, पऱ्हे, रोवणी. "शेतात लावणी केली" म्हटलं की काका पारशिवनीचे राहतच नाहीत. पण नुसता उच्चाराचा फरक असेल, तर रोजचं लिहिणं ठेवायचं. कागदावर "पाणी" लिहा, काका ते आपल्या तोंडानं "पानी"च वाचतात. तोंडाचं काम तोंडाला करू द्यावं. आणि "मंग" साऱ्या भाषणात एकदाच ठेवला, जिथं गोष्ट वळण घेते तिथं.

शेवटचं काम वाचून पाहण्याचं. हे माझ्या तोंडानं नाही, त्यांच्याच तोंडानं व्हायला हवं, आणि मोठ्यानं. तीन वेळा वाचायला सांगितलं आणि मी पेन घेऊन ऐकत बसलो. जिथं अडखळले तिथं टिंब केलं. अडखळणं हा वाचणाऱ्याचा दोष नाही. ते वाक्य त्याच्या श्वासाहून लांब आहे किंवा तो शब्द त्याचा नाही. आणि जिथं त्यांनी कागद सोडून आपोआप दुसरा शब्द म्हटला, तिथं वाद न घालता त्यांचा शब्द घेतला. मी "मजूर मिळत नव्हते" लिहिलं होतं. ते वाचताना "मजूर भेटे ना" म्हणाले. तेच ठेवलं. तिसऱ्या वेळी तर काका मधेच थांबले, हसले आणि म्हणाले, "त्याइची ओळ वाकडी आली होती जी." गुरुजींनी लावलेली रोपांची ओळ! हे वाक्य माझ्या वहीत नव्हतं, यंत्राच्या कागदात येणं तर शक्यच नव्हतं. ते मी तिथंच लिहून घेतलं. माणूस कागद सोडून स्वतःहून भर घालायला लागला, की समजावं, कागद आता त्याचा होऊ लागला.

तर तयार झालेलं भाषण असं :

"मंडळी, राम राम. गुरुजी पहिल्यांदा गावात आले तवा रोवणी चालू होती. नाल्याले पाणी होतं. सायकल त्याइनं पलीकडं झाडाले टेकवली अन् चपला हातात घेऊन आले. पूर राहिला का शाळा बंद राहे, ते खरं हाय. पण पूर उतरला का दुसऱ्या दिवशी सगळ्याइच्या आधी शाळेचं कुलूप उघडलेलं दिसे.

माही पोरगी सातवीत होती. त्या वर्षी मजूर भेटे ना. मी तिले शाळेतून काढलं अन् रोवणीले लावलं. तिसऱ्या दिवशी गुरुजी बांधीच्या धुऱ्यावर येऊन उभे राहिले. मले वाटलं, आता बोलतीन. काही बोलले नाही. पायजमा वर केला, चिखलात उतरले, अन् तिच्या हातातली पऱ्ह्याची जुडी घेतली. म्हणे, तिच्या वाट्याचं मी रोवतो, तिले जाऊ द्या. त्याइची ओळ वाकडी आली होती. मले लय राग आला. चार लोकाइत मी त्याइले बोललो, का तुम्ही शाळा पाहा, माहं वावर मी पाहीन. ते काही बोलले नाही. धुऱ्यावर चढले अन् गेले. मंग दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोरीले शाळेत धाडलं. तेच पोरगी आज नर्स हाय. पण मी जे बोललो, ते गुरुजीले कधी म्हणता आलं नाही का चुकलं. चार लोकाइत बोललो होतो, म्हणून चार लोकाइतच सांगून राहिलो. गुरुजी, माहं चुकलं."

मूळ कागदातलं यात काय उरलं? गाव, शाळा आणि गुरुजी, एवढेच तीन शब्द. मग त्या यंत्राचा काहीच उपयोग नव्हता का? थोडा होता. "हे माहं नाही" असं काकांना म्हणता आलं, ते समोर काहीतरी होतं म्हणून. कोऱ्या कागदापुढं ते कदाचित बोललेच नसते. नाकारायला एक मसुदा मिळाला, एवढं श्रेय त्याला द्यावं. त्याहून जास्त नको.

या सगळ्याला मर्यादाही आहे. हे काम प्रत्येक कागदाला करू नये. रजेचा अर्ज, दाखल्याची मागणी, पाणीपट्टीचा खुलासा, तिथं माणसाचा आवाज नसला तरी अडत नाही. माहिती बरोबर असली म्हणजे झालं. जिथं माणसानं स्वतःच्या नावावर उभं राहून बोलायचं आहे, निरोप, श्रद्धांजली, मुलाला लिहिलेलं पत्र, ग्रामसभेतली तक्रार, तिथंच या तीन संध्याकाळी खर्च कराव्यात. आणि दुसऱ्याचा आवाज सावरताना त्याच्या तोंडी त्यानं न म्हटलेली गोष्ट, ती कितीही शोभली तरी, घालू नये. यंत्रानं जी चूक पुराच्या वाक्यात केली, तीच आपल्या हातून चांगल्या हेतूनं होऊ शकते.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून पाहावा. असा एक घडवलेला परिच्छेद फळ्यावर लिहा. मुलांना घरी पाठवा, आजीला किंवा आजोबांना जागेचा, वेळेचा आणि वस्तूचा एकेक प्रश्न विचारायला सांगा, आणि उत्तर जसंच्या तसं पाच ओळींत उतरवून आणायला सांगा. दुसऱ्या दिवशी फळ्यावरच्या परिच्छेदातली रेघ मारायची वाक्यं मुलंच शोधून काढतील. मग ज्याच्या त्याच्या पाच ओळी वर्गात मोठ्यानं वाचून घ्या, आणि वाचणाऱ्याचं नाव न सांगता बाकीच्यांना ओळखू द्या, ही कोणाची आजी. गावातल्या मुलांना ते ओळखता येतं. ओळखलं नाही, तर लिहिणाऱ्यानं कुठं सुधारलं, ते त्यालाच विचारा.

निरोपाच्या दिवशी काकांनी कागद हातात धरला होता, पण मध्यावर आल्यावर त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. वाकड्या ओळीचं वाक्य आलं तेव्हा लोक हसले, आणि शेवटचं वाक्य आलं तेव्हा कोणी हललं नाही. गुरुजी काही बोलले नाहीत.

राम राम, मंडळी.